फोटोतल्या आकृतीवरून प्रकाशकिरण कसा काढायचा: काचेची चीप आणि लोलक

दहावीतल्या एका मुलीने रविवारी रात्री फोटो पाठवला. काचेच्या चिपेचा प्रयोग, टाचण्यांच्या खुणा, पेन्सिलीने काढलेले किरण, सगळं नीटनेटकं होतं. खाली प्रश्न: "सर, आपतन कोन 40 घेतला होता, फोटोवर मोजला तर जवळजवळ 46 येतोय. अपवर्तनांकही 1.44 येतोय. प्रयोग चुकला का?" जर्नल शाळेत जमा झालेलं होतं, त्यामुळे कागदावर पुन्हा कोनमापक ठेवायची सोय नव्हती. हातात फक्त फोटो.

प्रयोग चुकला नव्हता, फोटो तिरका होता. आणि गंमत अशी की त्याच फोटोतून बरोबर उत्तर काढता येत होतं, कारण तो किती तिरका आहे हे सांगणारी वस्तू आकृतीतच होती: चिपेची चौकट. ते कसं काढायचं हे तिला समजावलं, तेच इथे सविस्तर लिहितोय. लागणारं गणित पायथागोरसच्या प्रमेयापलीकडे जात नाही.

मोजायच्या आधी चौकट बघा

आपण काचेची चीप म्हणतो तिला कुणी लादी म्हणतं, तर प्रयोगशाळेत सरळ 'स्लॅब' म्हणतात. तिची कागदावर आखलेली चौकट म्हणजे आयत. समोरासमोरच्या बाजू सारख्या, चारही कोपरे काटकोनी. फोटोत हे तसंच दिसतंय का, एवढं आधी बघायचं. सहसा कुणी हे बघत नाही. फोटो उघडला की सगळ्यांचा हात थेट कोनाकडे जातो.

फोन कागदाच्या बरोबर वर, कागदाला समांतर धरला असेल तर आयत फोटोत आयतच राहतो आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तरही तेच राहतं. अशा फोटोवर कोनमापक लावायला काहीच हरकत नाही. पण टेबलाशी बसून, हाताची सावली पडू नये म्हणून फोन आपल्याकडे ओढून तिरका धरला की दोन गोष्टी होतात. पहिली, कागदाची आपल्यापासून दूर जाणारी दिशा आखडते. दुसरी, लांबची बाजू जवळच्या बाजूपेक्षा लहान दिसते, म्हणजे आयताचा समलंब चौकोन होतो. दुसरा दोष डोळ्यांना लगेच दिसतो. पहिला दिसत नाही, कारण आखडलेला आयत हाही आयतच असतो. फसगत होते ती तिथेच.

त्या मुलीच्या फोटोत चौकट अगदी साजरी होती. मात्र तिच्या चिपेची मापं 75 मिमी आणि 50 मिमी, म्हणजे लांबी रुंदीच्या दीडपट. फोटोत लांबी 1500 पिक्सेल आणि रुंदी 820. दीडपटीच्या हिशेबाने रुंदी 1000 यायला हवी होती. म्हणजे उभी दिशा 18 टक्के आखडली होती. फोन सुमारे 35 अंश कलला की एवढं होतं. ऐकायला खूप वाटतं, पण खुर्चीत बसून टेबलावरच्या वहीचा फोटो काढताना हात सहज तेवढा कलतो.

इथे एक इशारा. निर्गत किरण आपाती किरणाला समांतर असतो हे सगळ्यांना पाठ असतं, आणि "फोटोतही दोन्ही समांतर दिसतायत, म्हणजे फोटो ठीक आहे" असं मुलंच काय, शिकवणारेही म्हणतात. हा निकष इथे उपयोगाचा नाही. चित्र एका दिशेने दाबलं तरी समांतर रेषा समांतरच राहतात, बदलतात ते कोन. समांतरपणा बघून प्रयोग तपासता येईल, फोटो नाही. फोटो तपासायचा तो चौकटीच्या गुणोत्तरावरून.

फोटो पुन्हा काढता येत असेल तर

वही हाताशी असेल तर तिरक्या फोटोशी झुंजत बसू नका, दुसरा काढा. वही सपाट ठेवा. शिवणीजवळ पान फुगतं, म्हणून आकृती तिथे असेल तर पान दाबून धरा. फोन अगदी जवळ न नेता हातभर वर धरून थोडा झूम करा, कारण जवळून काढलेल्या फोटोत कडेच्या रेषा वाकतात. आकृती फोटोच्या मधोमध येऊ द्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा किंवा लेव्हल चालू केली तर बऱ्याच फोनमध्ये फोन बरोबर खाली बघत असताना अधिक चिन्हाच्या दोन खुणा एकावर एक येतात. त्या जुळल्या की बटण दाबायचं.

आणि फोटो घेण्याआधी चीप कागदावरून उचला! ही चूक वरवर निरुपद्रवी वाटते. चीप कागदावर असेल तर तिच्याखालच्या रेषा आपण काचेतून बघत असतो, आणि काच त्या रेषा वर उचलून दाखवते. 18 मिमी जाडीच्या चिपेखालची रेषा वरून बघताना सुमारे 6 मिमी वर आल्यासारखी दिसते. फोन थोडा जरी तिरका असला तर ती बाजूलाही सरकलेली दिसते. अपवर्तन मोजायला निघालेल्या फोटोत आणखी एक नको असलेलं अपवर्तन शिरतं.

बिंदूंचे निर्देशक लिहून घ्या

जुनाच फोटो वापरायचा असेल तर कोनमापक बाजूला ठेवा. फोटो कॉम्प्युटरवर पेंटसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडा. कर्सर नेऊन ठेवला की खालच्या पट्टीत त्या जागेचे दोन आकडे दिसतात: डाव्या कडेपासूनचं अंतर आणि वरच्या कडेपासूनचं अंतर. दुसरा आकडा खाली जाताना वाढतो, आलेख कागदाच्या उलट. हे एकदा लक्षात ठेवलं की झालं.

आधी फोटो असा फिरवून घ्या की चिपेच्या लांब बाजू आडव्या येतील. मग हे बिंदू टिपा: चौकटीचे चार कोपरे, आपाती किरणावरच्या लांबच्या टाचणीची खूण, किरण काचेत शिरतो तो बिंदू (त्याला 'क' म्हणू), किरण बाहेर पडतो तो बिंदू ('ख'), आणि बाहेरच्या किरणावरच्या लांबच्या टाचणीची खूण. बिंदू टिपताना फोटो पुरेसा मोठा करा. पेन्सिलीची रेघ पिक्सेलमध्ये बघितली तर चांगली दहा-बारा पिक्सेल जाड असते. तिच्या मध्यावर कर्सर ठेवा, कडेवर नाही.

तिच्या फोटोत हे आकडे मिळाले:

चौकटीची वरची बाजू: (900, 1056) ते (2388, 1056)
चौकटीची खालची बाजू: (888, 1876) ते (2400, 1876)
पहिली टाचणी: (640, 400)
क: (1312, 1056)
ख: (1782, 1876)
शेवटची टाचणी: (2448, 2532)

वरची बाजू 1488, खालची 1512. फरक दोन टक्क्यांच्या आत आहे. फोटो लांबून झूम करून घेतलेला असल्यामुळे समलंबाचा दोष इथे नगण्य आहे आणि सरासरी 1500 धरून चालतं. वरची-खालची बाजू यात पाच-सात टक्क्यांचा फरक दिसला असता तर नुसती सरासरी पुरली नसती. त्याचा उपाय पुढे येतो.

पिक्सेलचे मिलिमीटर करा, पण दोन्ही दिशांना वेगळे

सगळी दुरुस्ती या एका पायरीत होते. आडव्या दिशेने 1500 पिक्सेल म्हणजे 75 मिमी, म्हणून 1 मिमीला 20 पिक्सेल. उभ्या दिशेने 820 पिक्सेल म्हणजे 50 मिमी, म्हणून 1 मिमीला 16.4 पिक्सेल. आडवं अंतर 20 ने भागायचं आणि उभं 16.4 ने. दोन्हीला एकच भाजक लावला की पुन्हा तिरक्या फोटोतच अडकलो.

पहिल्या टाचणीपासून क पर्यंत: आडवं अंतर 672 पिक्सेल, म्हणजे 33.6 मिमी. उभं अंतर 656 पिक्सेल, म्हणजे 40 मिमी.

क पासून ख पर्यंत: आडवं 470 पिक्सेल, म्हणजे 23.5 मिमी. उभं 820 पिक्सेल, म्हणजे चिपेची पूर्ण रुंदी, 50 मिमी.

आता कागदावर खरंच काय काढलं होतं ते आपल्या हातात आहे. हवं तर आलेख कागदावर हेच आकडे घेऊन आकृती पुन्हा काढा, मूळ जर्नलसारखीच येईल.

स्तंभिका आणि साइन

क बिंदूपाशी चिपेच्या पृष्ठभागाला काढलेली लंबरेषा म्हणजे स्तंभिका. आपतन कोन i हा आपाती किरण आणि स्तंभिका यांच्यातला, अपवर्तन कोन r हा काचेतला किरण आणि स्तंभिका यांच्यातला. काचेचा पृष्ठभाग आणि किरण यांच्यातला कोन मोजणं ही वर्षानुवर्षं चालत आलेली चूक आहे. ती लपून राहते याला एक कारण म्हणजे प्रश्नांमध्ये 45 अंश फार वापरला जातो, आणि तिथे दोन्ही कोन सारखेच असतात. सराव 40 किंवा 50 अंशांवर करा, चूक लगेच उघडी पडते.

तिरक्या फोटोवर स्तंभिका गुण्याने काढू नका. फोटो तिरपा झाला की कागदावरचा काटकोन फोटोत काटकोन राहीलच असं नाही. चिपेची आखूड बाजू लांब बाजूला काटकोनात असते हे आपल्याला माहीत आहे, म्हणून स्तंभिका त्या आखूड बाजूला समांतर धरा. आपण चिपेच्या लांब बाजू आडव्या ठेवल्या, त्यामुळे आपली स्तंभिका उभी आहे. म्हणजे वर काढलेलं आडवं अंतर हेच किरणाचं स्तंभिकेपासूनचं अंतर.

साइन काढायला कोन कळायची गरजच नाही. समोरची बाजू भागिले कर्ण, बस. आपाती किरणासाठी कर्ण म्हणजे 33.6 आणि 40 यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, 52.2 मिमी. म्हणून

sin i = 33.6 / 52.2 = 0.643

काचेतल्या किरणासाठी कर्ण 55.2 मिमी, म्हणून

sin r = 23.5 / 55.2 = 0.425

अपवर्तनांक n = sin i / sin r = 0.643 / 0.425 = 1.51

साध्या काचेला शोभणारं उत्तर. i चा कोन हवाच असेल तर 0.643 हा 40 अंशांचा साइन आहे, म्हणजे तिने घेतला होता तोच. हेच जर पिक्सेल न बदलता केलं असतं तर? 672 आणि 656 वरून कोन 45.7 अंश येतो, 470 आणि 820 वरून 29.8 अंश, आणि n येतो 1.44. तिला आलेलं उत्तर हेच. 1.44 हा आकडा वाईट आहे तो याचसाठी की तो अगदीच अशक्य वाटत नाही. 0.9 आला असता तर कुणीही थांबून विचार केला असता. 1.44 वर मात्र "टाचण्या नीट लागल्या नसतील" म्हणून मंडळी पुढे जातात.

कोनावरून साइन काढायचा झाला तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे बघा. 40 अंशांचा साइन 0.643. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला तर तोच 40 टाकून 0.745 मिळतो. हाही आकडा चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

जाता जाता, कोन न मोजता लांब्यांच्या गुणोत्तरावर चालणं ही शाळकरी युक्ती नाही. बगदादच्या इब्न सह्ल याने 984 च्या सुमारास अपवर्तनाचा हा नियम मांडला तो कोनांच्या साइनमधून नव्हे, तर काटकोन त्रिकोणांच्या कर्णांच्या गुणोत्तरातून. स्नेलने त्याच नियमापर्यंत पोहोचायला 1621 साल उजाडलं आणि देकार्तने तो छापला 1637 मध्ये.

उत्तरावर किती विसंबायचं

1.51 लिहायचं की 1.512? ख बिंदू टिपताना अर्धा मिलिमीटर चूक झाली, म्हणजे 23.5 ऐवजी 24 आला, तर n 1.49 होतो. पेन्सिलीच्या रेघेचीच जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तेव्हा दोन दशांश स्थळं लिहिली तरी दुसऱ्यावर फार भरवसा ठेवायचा नाही. "सुमारे 1.5" हे प्रामाणिक उत्तर. आपतन कोन लहान घेतला, समजा 15 अंश, तर काचेतलं आडवं अंतर दहा मिलिमीटरच्याही खाली जातं आणि तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक जास्त बोचते. म्हणून प्रयोगात 30 ते 60 अंशांचे कोन घेतात.

बाहेर पडणारा किरण

ख बिंदूपाशी नियम तोच, फक्त उलट दिशेने. चिपेच्या दोन्ही बाजू समांतर असल्यामुळे आतला किरण खालच्या बाजूच्या स्तंभिकेशीही r एवढाच कोन करतो, म्हणून बाहेर पडताना पुन्हा i. आपल्या आकड्यांवर पडताळा: ख पासून शेवटच्या टाचणीपर्यंत आडवं 666 पिक्सेल म्हणजे 33.3 मिमी, उभं 656 म्हणजे 40 मिमी. आत येताना 33.6 होतं, बाहेर जाताना 33.3. टाचण्या चांगल्या लागल्या आहेत. इथे दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला असता तर प्रयोगातच काही हललं होतं असं म्हणायला जागा होती, बहुतेक वेळा खुद्द चीप.

किरण किती बाजूला सरकला तेही काढू. काच नसती तर किरण सरळ जाऊन खालच्या बाजूला 50 × 0.84, म्हणजे 42 मिमी आडवा पुढे भेटला असता (0.84 म्हणजे 33.6 भागिले 40). तो भेटला 23.5 वर. बाजूवरचं अंतर 18.5 मिमी. पण सरकणं मोजायचं ते दोन समांतर किरणांमधलं लंब अंतर, बाजूवरचं नव्हे. त्यासाठी 18.5 ला cos i ने, म्हणजे 40 / 52.2 = 0.766 ने गुणायचं: 14.2 मिमी. तिरक्या फोटोवरून थेट काढलं असतं तर हेच 13 च्याही खाली आलं असतं.

चौकट समलंब दिसत असेल तर

आता राहिलेला उपाय. चौकटीची एक बाजू दुसरीपेक्षा ठळकपणे लहान असेल, किंवा कोपरे काटकोनी नसतील, तर आधी फोनमधल्या कुठल्याही कागद स्कॅन करणाऱ्या ॲपमध्ये तो फोटो उघडा. त्यात चार कोपरे ओढून बसवायची सोय असते. कोपरे चिपेला नाही, पानाला लावा. चिपेला लावले तर बाहेरचे किरण आणि टाचण्यांच्या खुणा कापल्या जातात. ॲप पान सरळ करून देईल, रेषा काटकोनात येतील. तरी एवढ्यावर काम संपत नाही. पानाची खरी मापं ॲपला ठाऊक नसतात, ते उंची-रुंदीचं गुणोत्तर अंदाजाने बसवतं. म्हणून सरळ झालेल्या फोटोत चिपेची चौकट पुन्हा मोजा आणि वरची दोन भाजकांची पायरी तिथेही करा. या क्रमाने गेलात तर बहुतेक कुठलाही फोटो वापरता येतो. वहीचं पान गोलाई घेऊन फुगलेलं असेल तर मात्र नाही. तिथे रेषाच वाकलेल्या असतात आणि त्यावर हा उपाय चालत नाही.

पुस्तकातल्या छापील आकृतीचा फोटो असेल तर वेगळं पथ्य. छापील आकृती बऱ्याचदा प्रमाणात काढलेलीच नसते. कोनाशी 30° लिहिलेलं असतं आणि मोजला तर 37 निघतो. तिथे लिहिलेला आकडा खरा मानायचा आणि आकृती फक्त कुठली रेषा कुठे जाते एवढ्यापुरती वापरायची.

लोलक: दोन वर्तुळांची पद्धत

लोलकाच्या आकृतीत स्तंभिका दोन्ही बाजूंवर वेगवेगळ्या दिशेने जातात, म्हणून निर्देशकांचा हिशेब किचकट होतो. इथे कागदावरची रचना बरी. फोटोची तपासणी मात्र तीच: नेहमीचा 60 अंशांचा लोलक म्हणजे समभुज त्रिकोण, तेव्हा फोटोत तिन्ही बाजू सारख्या भरल्या पाहिजेत. नसतील तर आधी लोलक कागदावर खऱ्या मापाने काढून घ्या. किरण ज्या बाजूवर पडतो तिला तो तिच्या लांबीच्या कितव्या हिश्शावर भेटतो, तेवढं फोटोवरून घ्या. एकाच रेषेवरची अशी गुणोत्तरं फोटो आखडला तरी बदलत नाहीत. आपतन कोन शेजारी लिहिलेला असेल तर तोच घ्यायचा.

समजा काचेचा अपवर्तनांक 1.5 आहे आणि किरण 40 अंशांनी पडतोय. तो बाजूला भेटतो तो बिंदू केंद्र धरून 40 मिमी आणि 60 मिमी त्रिज्येची दोन वर्तुळं पेन्सिलीने हलकी काढा. त्रिज्यांचं गुणोत्तर 1 : 1.5, हवा आणि काच. लहान वर्तुळ हवेचं, मोठं काचेचं.

आपाती किरण सरळ पुढे काचेत वाढवा आणि तो लहान वर्तुळाला जिथे छेदतो तिथे खूण करा. त्या खुणेतून स्तंभिकेला समांतर रेषा काचेच्या दिशेने न्या. ती मोठ्या वर्तुळाला जिथे भेटेल तो बिंदू केंद्राशी जोडा. हा काचेतला किरण. हे चालतं कारण दोन्ही बिंदू स्तंभिकेपासून सारख्याच अंतरावर आहेत: 40 × sin i आणि 60 × sin r एकच. आपल्या उदाहरणात ते अंतर 25.7 मिमी येतं आणि r निघतो 25.4 अंश.

हा किरण लोलकाच्या दुसऱ्या बाजूपर्यंत न्या. तिथे नवी स्तंभिका काढा, नवी दोन वर्तुळं काढा. आता किरण काचेतून येतोय, म्हणून आधी मोठं वर्तुळ आणि मग लहान. किरण सरळ वाढवून मोठ्या वर्तुळाला छेदा, तिथून स्तंभिकेला समांतर रेषा काढून लहान वर्तुळ गाठा, आणि तो बिंदू केंद्राशी जोडा. दुसऱ्या बाजूवरचा आतला कोन 60 − 25.4 = 34.6 अंश असतो. समांतर रेषा स्तंभिकेपासून 60 × sin 34.6°, म्हणजे 34.1 मिमी दूर पडते. लहान वर्तुळाची त्रिज्या 40, म्हणून ती त्याला भेटते आणि किरण 58.5 अंशांनी बाहेर पडतो. एकूण विचलन 40 + 58.5 − 60, म्हणजे 38.5 अंश.

आता आपतन कोन 25 अंश घेऊन हेच करून बघा. पहिल्या बाजूवर सगळं सुरळीत होतं, r येतो 16.4. दुसऱ्या बाजूवर आतला कोन 43.6 अंश. समांतर रेषा स्तंभिकेपासून 41.4 मिमीवर पडते आणि 40 मिमीच्या वर्तुळाला न शिवता बाजूने निघून जाते. बाहेर पडायला जागाच नाही. पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात ते हे, आणि ते कागदावर असं डोळ्यांनी दिसतं. किरण त्या बाजूवरून आरशासारखा परत फिरतो, लोलकाच्या पायावर 16.4 अंशांनी आदळतो आणि तिथून 25 अंशांनी बाहेर पडतो. अपवर्तनांक 1.5 असलेल्या 60 अंशांच्या लोलकात आपतन कोन सुमारे 28 च्या खाली गेला की दुसऱ्या बाजूने किरण येतच नाही. मुलं अशा वेळी टाचण्या त्याच बाजूला शोधत बसतात आणि लोलक खराब आहे म्हणतात.

एक खुलासा राहिला. या रचनेत एकच किरण निघतो कारण आपण एकच अपवर्तनांक घेतला. पांढऱ्या प्रकाशातल्या प्रत्येक रंगाचा अपवर्तनांक किंचित वेगळा असतो, जांभळ्याचा थोडा जास्त आणि तांबड्याचा थोडा कमी. हा फरक 40 आणि 60 मिमीच्या वर्तुळांवर पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीत हरवून जातो. म्हणून फोटोतल्या आकृतीत सप्तरंगी पट्टा ऐसपैस पसरलेला दिसला, तर तो मोजून काढलेला नाही, समजावा म्हणून पसरवून काढला आहे. त्याच्यावर कोनमापक ठेवू नका.

त्या मुलीला रात्रीच आकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला की चिपेची खरी मापं तिने प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा मोजली: लांबी 75, पण रुंदी 50 नाही, 49.5. मग तिने उभा भाजक 16.6 घेऊन सगळं स्वतःच पुन्हा केलं. उत्तर आलं 1.51.